लेखकवार आढावा मोडून विषयवार कसा बांधायचा: शोधप्रबंधातल्या पूर्वसंशोधनाच्या प्रकरणासाठी तक्त्याची रीत

गाईडनी मसुद्याच्या समासात ‘हा आढावा नाही, ही यादी आहे’ असं लिहून प्रकरण परत दिलं, की बहुतेक विद्यार्थी वाक्यं दुरुस्त करायला बसतात. ‘म्हणतात’च्या जागी ‘प्रतिपादन करतात’ येतं, दोन परिच्छेदांच्या मध्ये ‘त्याचप्रमाणे’ आणि ‘तथापि’ पेरले जातात. महिनाभराने तोच शेरा पुन्हा येतो. दुखणं शब्दांत नसतंच. प्रत्येक परिच्छेदाचा धनी एक लेखक आहे, हे दुखणं असतं. धनी बदलून तिथे एक प्रश्न बसवायचा, एवढंच काम आहे. पण ते थेट वर्डच्या फाइलमध्ये होत नाही, मध्ये एक तक्ता लागतो. इंग्रजीत त्याला सिंथेसिस मॅट्रिक्स म्हणतात. इथे आपण नुसता तक्ता म्हणू.

रीत नीट कळावी म्हणून एकच विषय शेवटपर्यंत धरू. समजा प्रबंध महिला बचत गटांच्या कर्जावर आहे, आणि प्रश्न असा आहे की गटातून आलेल्या कर्जाने बाईचा घरातल्या आर्थिक निर्णयांतला वाटा वाढतो का. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत अर्थशास्त्र, समाजकार्य आणि ग्रामीण विकास या विभागांत हा विषय नेहमी घेतला जातो, आणि त्यावरचे जुने अभ्यास एकमेकांशी चांगलेच भांडतात. तक्त्याचा उपयोग दिसायला भांडणारे अभ्यासच हवेत.

जुना मजकूर कसा असतो

नेहमीचा नमुना हा असा:

> गोएट्झ आणि सेन गुप्ता (1996) यांनी बांगलादेशातील ग्रामीण पतकार्यक्रमांचा अभ्यास केला. त्यांच्या मते 63 टक्के महिलांचे कर्जावर नियंत्रण नव्हते. हाशेमी, शुलर आणि रायली (1996) यांनी ग्रामीण बँक व ब्रॅक यांच्या सभासद महिलांचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की कर्जामुळे महिलांचे सक्षमीकरण होते. पिट आणि खांडकर (1998) यांनी असे दाखवले की महिलांना दिलेल्या प्रत्येक 100 टाक्यांमागे कुटुंबाचा वार्षिक उपभोग खर्च 18 टाक्यांनी वाढतो.

एकेक वाक्य वाचलं तर काही खटकत नाही. सलग वाचलं की वाचक अडतो. पहिले दोघे म्हणतात बायकांच्या हातात पैसा राहतच नाही, पुढचे तिघे म्हणतात बायका सक्षम होतात. देश एक, वर्ष एक, इतकंच काय दोन्ही लेख ‘वर्ल्ड डेव्हलपमेंट’ या एकाच नियतकालिकाच्या एकाच वर्षातले. मग खरं काय? लिहिणाऱ्याला हा प्रश्न पडलेलाच नाही, कारण एका लेखकाचा परिच्छेद संपला की तो पुढच्याकडे वळला. या नमुन्यात एक चूकही लपलेली आहे. ती कुठली, हे तक्ता भरताना कळेल.

आधी कात्री चालवा

जुनं प्रकरण टाकून देऊ नका. त्याची प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका आणि प्रतीत प्रत्येक परिच्छेदाला क्रमांक द्या. मग प्रत्येक परिच्छेद फोडून एका ओळीवर एक दावा, असं लिहून काढा. दावा म्हणजे जे खोटं ठरू शकतं असं विधान. ‘त्यांनी बांगलादेशात अभ्यास केला’ हा दावा नाही, ती ओळख झाली. ‘कर्ज बाईच्या नावावर असलं तरी पुष्कळदा वापर दुसरंच कोणी करतं’ हा दावा आहे.

फोडताना दिसतं की दोनशे शब्दांच्या परिच्छेदात खरे दावे दोन किंवा तीनच असतात. उरलेलं सगळं ओळख, पदव्या, संस्थांची नावं आणि ‘महत्त्वपूर्ण अभ्यास’ असली विशेषणं. ती सगळी बाजूला काढा. तीस अभ्यासांच्या प्रकरणातून साधारण सत्तर ते नव्वद ओळी निघाल्या तर काम ठीक चाललंय. वीस-पंचवीसच निघाल्या, तर बहुतेक मजकूर लेखांच्या सारांशावरून लिहिलेला आहे असं समजा. तक्ता भरण्याआधी मूळ लेख पुन्हा उघडावे लागतील. ही वेळखाऊ पायरी आहे. एका लेखाची तक्त्यातली ओळ नीट भरायला पाऊण ते दीड तास लागतो, तेव्हा तीस लेखांना तीन-चार आठवडे धरून चाला. सिनॉप्सिसच्या आदल्या रात्री हे होत नाही.

रकाने: आधी चार ठरलेले, मग विषयाचे

तक्ता एक्सेलमध्ये करा किंवा गूगल शीट्समध्ये. आडवी एक ओळ म्हणजे एक अभ्यास, उभा एक रकाना म्हणजे एक मुद्दा. वर्डमधला तक्ता टाळा. रकाने वाढले की तो कागदात मावत नाही आणि ओळी वरखाली करणं, रकाने लपवणं जिकिरीचं होतं.

पहिल्या रकान्यात लेखक आणि वर्ष. त्यानंतरचे चार रकाने कुठल्याही विषयात तेच राहतात: कुठे आणि केव्हा, कोणाचा अभ्यास, पद्धत कोणती, आणि नेमकं काय मोजलं. नवखे विद्यार्थी हा शेवटचा रकाना सोडून देतात किंवा पद्धतीच्या रकान्यात उरकतात. तसं करू नका. दोन अभ्यासांचे निष्कर्ष का जुळत नाहीत, याचं उत्तर निम्म्याहून अधिक वेळा याच रकान्यात सापडतं. आपल्या विषयात आणखी एक ठरलेला रकाना लागतो: कर्जाचा प्रकार. आपल्याकडचा बचत गट आधी स्वतः बचत करतो, त्यातून आपसांत कर्ज देतो आणि मग बँकेशी जोडला जातो. नाबार्डने ही जोडणी 1992 मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू केली. ग्रामीण बँकेचं किंवा मायक्रोफायनान्स कंपनीचं गटकर्ज ही वेगळी चीज आहे. दोन्ही एका पिशवीत घातली की पुढे निष्कर्षांचा घोळ होतो.

आता विषयाचे रकाने. कात्री लावून काढलेल्या ओळी समोर घ्या आणि एकमेकींशी बोलणाऱ्या ओळी एकत्र ठेवा. कागदाच्या चिठ्ठ्या करून जमिनीवर पसरल्या तरी चालतं, किंबहुना पहिल्यांदा तेच बरं पडतं. चार ते सहा ढीग व्हायला हवेत. प्रत्येक ढिगाला नाव देताना एक नियम पाळा: नाव प्रश्नाच्या रूपात हवं.

हा नियम हट्टाने पाळण्याला कारण आहे. ‘महिला सक्षमीकरण’ असं नाव दिलं की जवळजवळ प्रत्येक लेखाचा प्रत्येक दावा त्याच रकान्यात जाऊन पडतो आणि तक्ता म्हणजे पुन्हा यादीच होते. ‘परिणाम’, ‘घटक’, ‘आव्हाने’ ही नावंही तशीच, कुठल्याही प्रबंधाला लागू पडतील इतकी सैल. उलट ‘कर्ज कुठे वापरायचं हे कोण ठरवतं?’ असा प्रश्न असला, की लेखाने त्याचं उत्तर दिलंय की नाही हे लगेच ठरवता येतं. आपल्या उदाहरणात चार प्रश्न निघतात. कर्जाचा वापर कोण ठरवतं? घराचा खर्च किंवा उत्पन्न बदलतं का? बाईचं घरातलं आणि गावातलं स्थान बदलतं का? आणि कर्जातून आलेली मालमत्ता कोणाच्या नावावर राहते?

शेवटी एक ‘इतर’ रकाना ठेवाच. अमिनूर रहमान यांच्या 1999 च्या अभ्यासात परतफेडीच्या दबावामुळे घरात वाढणारे तंटे आणि हिंसा हा मुख्य मुद्दा आहे. वरच्या चारांपैकी कशातच तो धड बसत नाही. ओढूनताणून बसवू नका, ‘इतर’मध्ये ठेवा. तीन-चार अभ्यास तिथे एकाच प्रकारचे जमले, की पाचवा प्रश्न तयार झाला: परतफेडीचा ताण कोणावर पडतो? शेवटपर्यंत एकटाच राहिला, तर तो प्रस्तावनेत एका वाक्यापुरता येईल किंवा गळेल.

चौकटीत काय लिहायचं

एका चौकटीत पंधरा ते तीस शब्द, स्वतःच्या भाषेत, आकडा असेल तर आकडा, आणि शेवटी पृष्ठक्रमांक. लेखातलं वाक्य जसंच्या तसं चिकटवू नका. दोन महिन्यांनी ते वाक्य तुमचं की त्यांचं हे आठवत नाही आणि साहित्यचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ते बरोबर लाल होतं. उतारा हवाच असेल तर अवतरणचिन्हांत ठेवा.

आकडा लिहिताना तो कशाचा आहे हेही त्याच चौकटीत लिहा. वरच्या नमुन्यातली लपलेली चूक इथे पकडली जाते. गोएट्झ आणि सेन गुप्ता यांनी 253 कर्जं तपासली आणि बाईच्या नियंत्रणाच्या पाच पायऱ्या केल्या: पूर्ण, लक्षणीय, अंशतः, अगदी मर्यादित, आणि अजिबात नाही. पहिल्या दोन पायऱ्या मिळून सुमारे 37 टक्के होतात. उरलेल्या 63 टक्क्यांत ‘अंशतः’ची जवळपास 24 टक्के कर्जंही आहेत, आणि ‘अजिबात नाही’ ही शेवटची पायरी 22 टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे ‘63 टक्के महिलांचे नियंत्रण नव्हते’ हे वाक्य चुकीचं आहे. ते सहसा कोणा दुसऱ्याच्या आढाव्यातून उचललेलं असतं. मूळ लेख उघडून चौकट भरणाऱ्याला ही चूक करताच येत नाही. व्हायवाला नेमका हाच प्रश्न येतो, कारण परीक्षकाने मूळ लेख वाचलेला असतो.

दुसरी गोष्ट रिकाम्या चौकटींची. रिकामी चौकट तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगू शकते आणि तिन्हींना वेगळी खूण हवी. अभ्यासाने तो प्रश्न विचारलाच नसेल तर ‘न.वि.’ लिहा. विचारला, मोजला आणि परिणाम सापडला नाही, तर ‘प.ना.’ लिहून पुढे काय मोजलं ते लिहा. तुम्हीच अजून लेख नीट पाहिला नसेल तर ‘पाहायचं’. या तिन्हींची सरमिसळ हा तक्त्यातला सगळ्यात महागात पडणारा घोटाळा आहे. बॅनर्जी, डुफ्लो, ग्लेनर्स्टर आणि किनन यांच्या 2015 च्या हैदराबादच्या प्रयोगात महिलांच्या निर्णयातल्या वाट्यावर लक्षणीय परिणाम दिसला नाही. तो ‘प.ना.’ आहे, आणि तो स्वतःच एक वजनदार निष्कर्ष आहे. पिट आणि खांडकर यांच्या 1998 च्या लेखाची मांडणी कुटुंबाचा खर्च, मुलांचं शालेय शिक्षण, कामाचे तास अशा गोष्टींभोवती आहे. कर्जाचा वापर कोणी ठरवला, हा प्रश्न त्यांनी विचारलेलाच नाही, म्हणून तिथे ‘न.वि.’. दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या तर एकाचा पुरावा आणि दुसऱ्याचं मौन सारखंच दिसतं.

तीस ओळी भरून झाल्या की रकान्याखाली ही दोन सूत्रं टाका. G हा तुमच्या प्रश्नाचा रकाना आणि 2 ते 31 या अभ्यासांच्या ओळी, असं धरलं आहे:

```
=COUNTIF(G2:G31,"न.वि.*")
=COUNTBLANK(G2:G31)
```

दुसऱ्याचं उत्तर शून्य यायलाच हवं. पहिल्याचं वीसच्या वर गेलं, तर एक तर तो प्रश्न तुमच्या वाचनाला धरून नाही, किंवा तिथे खरोखर कमी काम झालंय. कुठलं खरं, हे नव्याने शोध घेतल्याशिवाय ठरवू नका.

नमुन्यादाखल तक्त्याचा एक तुकडा. जागेअभावी काही रकाने आणि पृष्ठक्रमांक गाळले आहेत, तुमच्या तक्त्यात ते हवेत:

| अभ्यास | काय मोजलं | कर्जाचा वापर कोण ठरवतं? | बाईचं स्थान बदलतं का? |
|---|---|---|---|
| गोएट्झ व सेन गुप्ता 1996, बांगलादेश | कर्ज वापरण्याच्या प्रक्रियेवरचं नियंत्रण, पाच पायऱ्या | 253 पैकी सुमारे 37 टक्के कर्जांत पूर्ण वा लक्षणीय नियंत्रण | थेट मोजलेलं नाही. नियंत्रणावरून अनुमान |
| हाशेमी, शुलर व रायली 1996, बांगलादेश | आठ निर्देशक: फिरण्याची मोकळीक, लहान-मोठी खरेदी, मोठे निर्णय इ. | मुख्य प्रश्न हा नाही | ग्रामीण बँक व ब्रॅक दोन्हींत अनुकूल बदल |
| कबीर 2001, बांगलादेश | कर्जदार स्त्री-पुरुषांचं स्वतःचं कथन | एकट्याने की मिळून, हा भेद महत्त्वाचा | बायकांच्या स्वतःच्या मते अनुकूल |
| गरिकिपटी 2008, तेव्हाचा आंध्र प्रदेश | घराची असुरक्षितता आणि बाईचं सक्षमीकरण वेगवेगळं | कर्ज बहुधा घराच्या मालमत्तेत व धंद्यात जातं | घर सावरतं, बाईचं स्थान फारसं नाही |
| स्वैन व वॉलेंटिन 2009, महाराष्ट्रासह पाच राज्यं | 2000 आणि 2003 मधला सक्षमीकरणातला फरक, सभासद व बिगर-सभासद | न.वि. | बचत गटाच्या सभासदांत सरासरी वाढ |
| बॅनर्जी व इतर 2015, हैदराबाद | 104 वस्त्या, निम्म्यांत कर्जसेवा आधी | न.वि. | प.ना. |

आता वरून खाली वाचा

आतापर्यंत तक्ता आडवा भरला. इथून पुढे तो उभाच वाचायचा. एक रकाना घ्या, बाकीचे लपवा (गूगल शीट्समध्ये रकान्याच्या अक्षरावर उजवी क्लिक करून Hide column), पण ‘काय मोजलं’ आणि ‘कर्जाचा प्रकार’ उघडे ठेवा. मग तीन प्रश्न याच क्रमाने विचारा. किती जण एकाच बाजूला आहेत? कोण वेगळं बोलतंय? वेगळं बोलणाऱ्यांत इतरांहून वेगळं काय आहे?

‘बाईचं स्थान बदलतं का’ हा रकाना घ्या. गोएट्झ-सेन गुप्ता आणि हाशेमी-शुलर-रायली समोरासमोर उभे आहेत. आता डावीकडच्या ‘काय मोजलं’ रकान्यात पाहा. पहिल्यांनी कर्ज हातात आल्यापासून ते धंद्यात लागेपर्यंतची प्रक्रिया मोजली. दुसऱ्यांनी काही वर्षांनी बाईच्या आयुष्यात दिसणारे बदल मोजले. नवऱ्याने रिक्षा घेण्यासाठी पैसे वापरले, तर पहिल्या मापाने ते नियंत्रण गेलं. पण कर्ज तिच्यामुळे आलं म्हणून घरात तिचा शब्द वाढला, तर दुसऱ्या मापाने ती पुढे गेली. एकाच घरात दोन्ही खरं असू शकतं. भांडण निष्कर्षांचं नव्हतं, मापांचं होतं.

इथे पोचल्यावर विद्यार्थ्याला वाटतं की हा शोध आपला. जरा थांबा. प्रतिकूल निष्कर्ष काढणारे अभ्यास प्रक्रियेकडे पाहतात आणि अनुकूल निष्कर्ष काढणारे फलिताकडे, हे नायला कबीर यांनी 2001 च्या लेखात मांडून ठेवलेलं आहे. तेव्हा श्रेय त्यांना द्या. तुमचं काम पुढे आहे: तोच चष्मा लावून भारतातले अभ्यास पाहा. गरिकिपटी आणि स्वैन-वॉलेंटिन दोघेही बचत गटांवर, दोघेही फलिताकडे पाहणारे, तरी निष्कर्ष वेगळे. म्हणजे कबीर यांचा खुलासा इथे पुरत नाही. गरिकिपटी यांचा खुलासा असा की उत्पादक मालमत्तेत बाईची मालकीच नसते, त्यामुळे कर्जाने घराची ताकद वाढते, तिची नाही. तुमच्या चौथ्या रकान्यात, ‘मालमत्ता कोणाच्या नावावर’ इथे, जवळजवळ सगळीकडे ‘न.वि.’ दिसत असेल तर तिथे बोट ठेवा.

बॅनर्जी आणि सहकाऱ्यांच्या ‘प.ना.’चंही असंच. त्यांनी वस्त्या चिठ्ठीने वाटून, कर्जसेवा पोचलेल्या आणि न पोचलेल्या वस्त्यांची तुलना केली. म्हणजे मोजला तो कर्जसेवा वस्तीत येण्याचा परिणाम, आणि वस्तीतल्या बहुतेकांनी ते कर्ज घेतलं नव्हतं. शिवाय ते मायक्रोफायनान्स कंपनीचं शहरी गटकर्ज होतं, बचत गट नव्हे. ‘बचत गटांचा उपयोग होत नाही’ यासाठी हा लेख पुढे करणं म्हणजे ठरलेल्या रकान्यांकडे डोळेझाक करणं.

रकाना वाचून झाला की त्याच्या तळाशी एकच वाक्य लिहा, फार तर दोन. ‘सहा अभ्यासांपैकी तीन अनुकूल, दोन प्रतिकूल’ असं मोजणीचं वाक्य नको. हवं ते असं: ‘फलित मोजलं की बांगलादेशात चित्र अनुकूल दिसतं, भारतात ते घर आणि बाई वेगळं मोजलं की नाही यावर ठरतं.’ हेच वाक्य पुढे त्या भागाचा कणा होतं. असं वाक्य लिहिता येत नसेल तर प्रश्न सैल आहे, रकाना फोडून दोन करा.

एक जोडी उभ्या वाचनातही निसटते, तेव्हा तिच्यासाठी खूण ठेवा. पिट-खांडकर यांच्या 18 टाक्यांचा आकडा फार उद्धृत झालेला आहे (पुरुषांना दिलेल्या कर्जासाठी तोच 11 होता). पण रूडमन आणि मॉर्डक यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून 2014 मध्ये दाखवलं की टोकाच्या मोजक्या नोंदी वगळल्या की हा परिणाम टिकत नाही. पिट यांनी त्यावर उत्तरही दिलं. जुन्या प्रकरणात हे दोन परिच्छेद वर्षांच्या क्रमाने आठ पानं लांब होते, त्यामुळे आठ पानं तो आकडा निर्विवाद सत्य म्हणून वावरला. तक्त्यात पहिल्याच्या चौकटीत ‘पाहा: रूडमन व मॉर्डक 2014’ लिहा. परिच्छेद लिहिताना दोघं एकाच वाक्यात यायला हवेत.

तक्त्यातून परिच्छेद

एक रकाना म्हणजे एक उपशीर्षक, आणि त्यात दोन ते चार परिच्छेद. पहिलं वाक्य रकान्याच्या तळाशी लिहिलेल्या वाक्यातून येतं. लेखकाचं नाव शक्यतो वाक्याच्या शेवटी कंसात जातं. आपला नमुना आता असा होईल:

> कर्ज महिलेच्या नावावर असणे आणि ते तिने वापरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बांगलादेशात तपासलेल्या 253 कर्जांपैकी सुमारे 37 टक्के कर्जांतच महिलेचे पूर्ण वा लक्षणीय नियंत्रण आढळले (गोएट्झ व सेन गुप्ता, 1996). फिरण्याची मोकळीक, खरेदी व घरातील मोठे निर्णय अशा आठ निर्देशकांवर मात्र कर्जकार्यक्रमांचा परिणाम अनुकूल दिसतो (हाशेमी व इतर, 1996). हा विरोध वरवरचा आहे: पहिला अभ्यास कर्जवापराची प्रक्रिया मोजतो, दुसरा फलित, असे कबीर (2001) दाखवून देतात. भारतातील बचत गटांबाबत मात्र हा खुलासा अपुरा पडतो. सभासदांच्या सक्षमीकरणात सरासरी वाढ नोंदवली गेली असली (स्वैन व वॉलेंटिन, 2009), तरी घराची असुरक्षितता कमी होऊनही महिलेचे स्थान फारसे न बदलल्याचेही आढळले असून, उत्पादक मालमत्तेत तिची मालकी नसणे हे त्याचे कारण दिले आहे (गरिकिपटी, 2008).

जुन्या परिच्छेदाशी तुलना केली तर दिसेल की माहिती फार वाढलेली नाही. वाढलेली आहेत ती ‘मात्र’, ‘हा विरोध वरवरचा आहे’, ‘अपुरा पडतो’ ही जोडकामाची वाक्यं, आणि ती सगळी तुमची आहेत. कबीर यांचं नाव कंसाबाहेर ठेवलंय ते मुद्दाम. तिथे एका व्यक्तीचा युक्तिवाद सांगायचा आहे, निव्वळ निष्कर्ष नव्हे.

मसुदा झाला की एक चाचणी घ्या. प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य तेवढं उचलून वेगळ्या पानावर ठेवा. ती वाक्यं सलग वाचून तुमचा युक्तिवाद कळायला हवा. दहातल्या दोनपेक्षा जास्त वाक्यं लेखकाच्या नावाने सुरू होत असतील तर जुनी सवय परत आली. उपशीर्षक विषयाचं आणि आत पुन्हा ‘अमुक म्हणतात, तर तमुक म्हणतात’ ही लपलेली यादी हमखास सापडते. तिचं कारण जवळजवळ नेहमी एकच: लिहिताना उभा रकाना समोर नव्हता, जुनी फाइल उघडी होती.

एकच अभ्यास तीन भागांत येणार, त्याची ओळख किती वेळा करून द्यायची, असा प्रश्न पडतो. एकदाच, पहिल्यांदा येईल तिथे. स्थळ, काळ, नमुना तिथे सांगा, पुढे फक्त लेखक-वर्ष. सगळ्या अभ्यासांची ओळख वाचकाला एकत्र मिळावी असं वाटत असेल तर तक्त्याचे ठरलेले रकाने तेवढे परिशिष्टात द्या. संपूर्ण तक्ता परिशिष्टात टाकायची गरज नाही. तो तुमच्या कामाचा कच्चा माल आहे.

विभागाची चाल आड आली तर

आपल्याकडे पुष्कळ विभागांत आढाव्याची विभागणी ठरलेली असते: परदेशातील अभ्यास, भारतातील अभ्यास, महाराष्ट्रातील अभ्यास. काही ठिकाणी पीएच.डी. प्रबंध, एम.फिल. प्रबंध आणि लेख अशीही. गाईड त्यावर अडून असतील तर वाद घालून सहा महिने घालवू नका. वरची विभागणी ठेवा, पण प्रत्येक भागाच्या आत तुमचे तेच चार प्रश्न त्याच क्रमाने घ्या, आणि शेवटी ‘एकत्रित विवेचन’ असा चार-पाच पानांचा भाग जोडून तिथे प्रत्येक प्रश्नावर तिन्ही प्रदेश शेजारी आणा. थोडी पुनरुक्ती होईल, चालेल. अशी रचना कबूल करण्याआधी गाईडना विषयवार लिहिलेला एकच उपभाग, दोन पानांचा, दाखवून पाहा. अख्खा आराखडा बदलायला नाही म्हणणारे दोन पानं वाचून हो म्हणतात, असं पुष्कळदा होतं.

संशोधनातली पोकळी दाखवतानाही तक्त्यावर आंधळा भरवसा नको. ‘मालमत्ता कोणाच्या नावावर’ या रकान्यात सत्तावीस ‘न.वि.’ दिसले म्हणून ‘या विषयावर अभ्यास झालेला नाही’ असं लिहू नका. ती पोकळी तुमच्या तीस लेखांतली आहे. त्या एका प्रश्नासाठी शोधगंगा आणि गूगल स्कॉलरवर नव्याने शोध घ्या. मराठीत ‘मालमत्ता’, ‘जमिनीचा सातबारा’, ‘संयुक्त मालकी’ आणि इंग्रजीत त्यांचे पर्याय असे वेगवेगळे शब्द टाकून पाहा. कुठले शब्द वापरले आणि कुठल्या तारखेला, हे तक्त्याच्या दुसऱ्या शीटवर नोंदवा. नवे लेख सापडले तर त्यांच्या ओळी भरा. त्यानंतरही रकाना मोकळाच राहिला, तर लिहा की अमुक स्रोतांत, अमुक शब्दांनी शोधलं असता बचत गटांच्या कर्जातून घेतलेल्या मालमत्तेच्या नावनोंदणीवरचे अभ्यास मोजकेच आढळले. व्हायवाला ‘कुठे शोधलंत?’ असं विचारलं, तर दुसरी शीट उघडून दाखवता येते.